बाबा बोटीवर, तारीख पक्की नाही: भिंतीवरचा तक्ता कसा करायचा आणि रोज काय लिहायचं

प्रश्न: माझे मिस्टर बोटीवर आहेत, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट 25 ऑगस्टला संपतंय, पण तारीख पक्की नाही, गणपतीआधी येतील असं म्हणतायत. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. 1 जुलैपासून भिंतीवर उलट मोजणीचा तक्ता लावायचाय. मागच्या वेळी केला होता तेव्हा आठवडाभर मजा आली, मग रोज "आज शाळेत गेलो" एवढंच लिहून झालं आणि बंद पडला. तक्ता कसा करू आणि त्यावर रोज काय लिहायचं?

उत्तर:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते, आता रिटायर आहे, आणि आमचे हे पण बोटीवरच होते. म्हणजे असे तक्ते घरात केलेत आणि वर्गातही, आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत प्रत्येक वर्गात दोन-तीन बापूस बोटीवर असायचेच. त्यातला सगळ्यात वाईट तक्ता माझ्या घरातला होता, तोच आधी सांगते म्हणजे बाकीचं मी असं का सांगतेय ते कळेल.

लेक तेव्हा सात वर्षांची. कंपनीने तारीख दिली, मी 60 चौकोन आखले, शेवटच्या चौकोनात मोठ्या अक्षरात "बाबा" लिहिलं. रोज एक चौकोन खोडायचा. शेवटच्या आठवड्यात बोटीचं बंदर बदललं, बदली माणूस चढलाच नाही, आणि तक्ता शून्यावर आला तेव्हा बाबा समुद्रातच. एकोणीस दिवस उशीर. त्या दिवशी ती रडली वगैरे नाही, मला वाटलं समजूतदार आहे, आणि संध्याकाळी बघते तर तक्त्याच्या खाली भिंतीवरच पेन्सिलीने तिने स्वतः चौकोन काढत नेले होते, कुठपर्यंत ते तिलाही माहीत नव्हतं, हात पोचतो तिथपर्यंत.

तर पहिली गोष्ट ही की ज्या तारखेला घसरायची सवय आहे त्या तारखेपर्यंत मोजायचं नाही. तुमच्या मिस्टरांना विचारा, कॉन्ट्रॅक्टमध्ये बहुतेक "अधिक-उणे एक महिना" असं कलम असेलच, बऱ्याच जणांच्या करारात असतं. म्हणजे 25 ऑगस्टचा खरा अर्थ 25 जुलै ते 25 सप्टेंबर. बदली माणूस कुठल्या बंदरात चढतो, त्याचा व्हिसा झालाय का, बोट तिथे वेळेत लागते का, यावर सगळं अवलंबून. त्यात लवकर सुटण्यापेक्षा उशिरा सुटण्याचेच प्रकार मी जास्त बघितले.

मग मोजायचं कुठपर्यंत? तर चतुर्थीपर्यंत. 2026 ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि ती कुठल्या ऑफिसच्या ईमेलने पुढे जात नाही. तक्ता गणपतीचा करायचा, आणि बाबांची एक कागदाची होडी करायची जी त्या तक्त्यावर फिरते. मुलाला पण तसंच सांगायचं, हा गणपती किती दिवसांवर आलाय त्याचा तक्ता, आणि बाबांची होडी यात कुठे लागते ते आपण बघत राहू. "बाबा गणपतीला येणार" हे वाक्य मात्र घरात कुणी बोलायचं नाही, आजीला पण सांगून ठेवा, आज्या हमखास बोलतात.

आता आखणी. दुकानात कार्डशीट मिळतं ते साधारण 22 बाय 28 इंच असतं. उभं धरायचं, आडवे सात रकाने प्रत्येकी 3 इंचाचे, सोमवार ते रविवार. 1 जुलै बुधवारी येतो, म्हणजे पहिल्या ओळीत बुधवार ते रविवार पाचच चौकोन, मग 6 जुलैपासून 13 सप्टेंबरपर्यंत दहा पूर्ण ओळी, आणि खाली एकटा सोमवारचा चौकोन, चतुर्थीचा. 5 आणि 70 मिळून 75 चौकोन आणि त्यानंतर गणपती. ओळ 2 इंच उंच ठेवली की बारा ओळींना 24 इंच लागतात, वर 4 इंच उरतात, तिथे वार लिहायचे आणि दोरीला जागा. 3 बाय 2 इंचात पहिलीतल्या मुलाचे चार-पाच शब्द बसतात, त्यापेक्षा जास्त त्याने लिहावं अशी अपेक्षाच नको.

काही जण दहा-दहाच्या ओळी करतात, गणिताला बरं म्हणून. मला सात आवडतात कारण रविवार एकाखाली एक येतात आणि मुलाला आठवडा डोळ्यांनी दिसतो. आकडा मात्र चौकोनात मोठा लिहू नका, "75, 74, 73" असा तर नकोच. पहिलीतलं मूल पुढे म्हणतं शंभरपर्यंत, पण उलटं म्हणताना मराठीत एक गंमत होते, चाळीसनंतर एकोणचाळीस येतं, मुलाच्या कानावर पडतं "चाळीस"च, त्याला वाटतं कालच्याइतकेच दिवस आहेत. तसंच पन्नास-एकोणपन्नास, तीस-एकोणतीस. वर्गात एक मुलगा एकोणतीसला रडायलाच लागला होता की बाई पुन्हा तीस झाले म्हणून. त्यात आपलं "परवा", होऊन गेलेला पण परवा आणि येणारा पण परवा. त्यामुळे आकड्यापेक्षा मोकळे चौकोन दिसू दे. कोपऱ्यात बारीक तारीख पुरे.

"आये, बाबा कधी येतले?" हा प्रश्न रोज येणारच. गणपतीबद्दल विचारलं तर "इतक्या रात्री झोपायचं" असं सांगा, दिवस सांगू नका. दिवसात आजचा धरायचा की नाही हा घोळ मोठ्यांचाही होतो, रात्रींत होत नाही. 1 जुलैला सकाळी न रंगवलेले चौकोन 75, आणि रात्रीही 75. बाबांबद्दल विचारलं तर होडीकडे बोट दाखवायचं, होडीचं खाली सांगते.

75 चौकोन एकदम दाखवू नका पण. सहा वर्षांच्या मुलाला 75 आणि 700 सारखेच. कार्डशीटच्या खालच्या काठाला बांबूची कामटी लावा आणि तक्ता खालून गुंडाळून वर आणून दोन चिमटे लावा, फक्त दोन ओळी दिसतील इतका. दर सोमवारी सकाळी एक ओळ उलगडायची. आमच्याकडे सोमवारी उठवावं लागायचं नाही, एवढ्यासाठी ती आपणहून उठायची. वरच्या भरलेल्या ओळी दिसत राहतात, खालच्या रिकाम्या आपोआप येतात.

आता पावसाचं. आपल्याकडे जुलैत चिऱ्याच्या भिंतीला काहीही चिकटवलं की चौथ्या दिवशी ते जमिनीवर. सेलोटेप तर सोडाच. म्हणून भिंतीला चिकटवायचाच नाही, वर पण कामटी, दोरी, खिळा, आणि मागे जरा हवा खेळू दे. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर लावू नका, पाऊस तिकडूनच मारतो आणि ती भिंत आतून ओली होते, मधल्या खोलीची आतली भिंत बघा. स्केचपेनने लिहू देऊ नका, दमट कागदावर शाई पसरते आणि मुलाचं अक्षर गेलं की मुलगाच जातो तिथून. पेन्सिल आणि मेणाचे खडू. गव्हाच्या पिठाची खळ पण नको, झुरळं येतात खायला. मी एका वर्षी झालेल्या दिवसावर टिकली लावायची आयडिया काढली होती, पावसात टिकल्या गळून पडल्या आणि लेकीच्या हिशोबाने दिवस परत वाढले!

आणि झालेल्या दिवसावर काट मारू नका. सगळे मारतात. पण संध्याकाळी मुलाने तिथे चार शब्द लिहिले आणि सकाळी आपण त्यावरच फुली मारली तर त्याला काय वाटेल, परत लिहील का? चौकोनाचा वरचा उजवा कोपरा त्रिकोणी रंगवायचा, सकाळी उठल्यावर, कालच्या चौकोनाचा. लिहायचं संध्याकाळी, रंगवायचं सकाळी. रात्री झोपताना रंगवू दिलं तर मुलं घाईने उद्याचाही रंगवून टाकतात, म्हणजे वेळ ढकलायला बघतात, तसं दिसलं तर समजायचं की तक्ता त्याला जड होतोय, एक ओळ पुन्हा गुंडाळून टाका.

आता लिहायचं काय. "आज काय केलंस?" विचारलं की उत्तर "शाळेत गेलो" हेच येणार, कारण ते खरं आहे. प्रश्न बदला. मी विचारायचे, "बाबा बोटीवर गेले तेव्हा नव्हतं आणि आज आहे असं काय?" किंवा उलट, तेव्हा होतं आणि आज नाही. मुलं लगेच बघायला लागतात. दात हलतोय. पडवीत पाल आली. शेजारच्यांचं वासरू आता बांधायला लागतं. माडाचा झाप पडून कौल फुटलं. बापूस बोटीवर असला की त्याचं हे सगळं चुकतं, आणि मुलाला ते नेमकं कळतं की हे बाबांना माहीत नाही, मला माहीत आहे. तिथे त्याला लिहायला जोर येतो.

दुसरं म्हणजे मोजलेलं काहीतरी, आठवड्यातून एक-दोनदा, रोज नको. पावसाळ्यात तर मोजायला भरपूर आहे. 6 जुलैला दारात दोडक्याचं बी लावा, त्याची पानं मोजून लिही म्हणावं. उंबऱ्यावर उभा करून दाराच्या चौकटीला उंचीची खूण करायची आणि चौकोनात फक्त "चौकट" लिहायचं. बाबा आले की पट्टी लावून बघतील. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि होड्या बाहेर पडतात, त्या दिवशी बंदरावर न्या, किती गेल्या ते मोजून लिहू दे, वीसनंतर चुकेल, चुकू दे.

तिसरं, कुणाचं तरी बोललेलं. हे मुलाला स्वतः लिहायला लांब पडतं, तेव्हा तुम्ही लिहा, पण त्याच्याच शब्दात, सुधारू नका. तो "दात पडलो" म्हणाला तर "दात पडला" करू नका, शाळेच्या वहीत करा हवं तर. मी बाई असून सांगतेय. आमच्या तक्त्यावर एका चौकोनात आहे, "आजी म्हणाली पाऊस खुळावलो", बस एवढंच, आमचे हे त्या चौकोनापाशी पाच मिनिटं हसत होते.

एक आठवडा कसा दिसेल ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. सोमवारी "ओळ उघडली. दोडका 4 पानं". मंगळवारी "दात हलतो". बुधवारी काही नाही, नुसत्या पावसाच्या तिरक्या रेघा, लाइट गेली होती. गुरुवारी "बाईंनी छत्री दिली". शुक्रवारी आईच्या अक्षरात "आजी म्हणते वेलीक मांडव घाल". शनिवारी "दात नाय". रविवारी चौकोनात एक छोटी होडी, म्हणजे आज बाबांशी बोलणं झालं. बुधवारचा रिकामा राहिला तर राहू दे, गुरुवारी बसून भरून घेऊ नका, मुलं मग तुमच्या मनाला येईल ते लिहितात आणि तक्ता गृहपाठ होतो.

काय लिहायचं नाही ते पण सांगते. शहाणपणाचे गुण नकोत, "आज त्रास दिला नाही" वगैरे, म्हणजे बाबा येणं हे शहाण्यासारखं वागण्याचं बक्षीस असं मुलाच्या डोक्यात बसतं आणि उशीर झाला की ते स्वतःच्या चुका शोधायला लागतं. हे मी वर्गात बघितलंय, एक पोरगा मला विचारत होता, बाई मी पाटी फोडली म्हणून बाबा नाय इले काय. आणि "बाबांची आठवण आली" हे आपण सुचवून लिहून घ्यायचं नाही. त्याने आपणहून "रडलो" लिहिलं तर ते तसंच ठेवा, खोडू नका, त्यावर लेक्चर पण नको.

तक्ता तीन आठवड्यांनी बंद पडतो तो मुलगा कंटाळतो म्हणून नाही, वाचणारा कोणी नसतो म्हणून. याचं औषध बोटीवर आहे. दर रविवारी ओळीचा एक फोटो काढून मिस्टरांना पाठवा, नेट कमी असलं तरी एक फोटो कधीतरी जातोच, आणि त्यांना सांगा की सगळ्याबद्दल बोलू नका, एकच चौकोन पकडा आणि त्यातलं विचारा. "छत्री कुठल्या रंगाची होती?" एवढंच. मुलाला कळतं की वाचलं गेलं, मग तो पुढच्या आठवड्यात बाबा कशाबद्दल विचारतील याचा विचार करून लिहायला लागतो. सगळ्या आठवड्याचं "छान छान" म्हटलेलं मुलांना बरोब्बर ओळखता येतं.

आता होडी. 25 जुलैपासून पुढचे सगळे चौकोन खडूने फिकट निळे करून ठेवा. निळं म्हणजे बाबांची बोट लागू शकते असे दिवस, आधीही आणि नंतरही. होडी कागदाची, कपड्याच्या छोट्या चिमट्याला चिकटवलेली. ती सुरुवातीला तक्त्याच्या बाहेर, बाजूच्या दोरीवर लटकते. "बहुतेक अमुक दिवशी" असा मेसेज आला तरी हलवायची नाही. तिकीट हातात आल्यावरच होडी चौकोनावर. आणि तिकिटावरची तारीख ही विमानाची, घरी पोचायची नाही. परदेशातल्या बंदरातून मुंबई, तिथून रात्रीची गाडी नाहीतर बस, त्यात चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात येणाऱ्या गाड्यांची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको. तिकिटाच्या तारखेत दोन रात्री मिळवा आणि तिथे होडी लावा. समजा विमान 3 सप्टेंबरचं आहे, तर होडी 5 च्या चौकोनावर, शनिवारी. एक दिवस आधी आले तर कुणाचं काही बिघडत नाही.

फक्त त्यानंतर, होडी लागल्यावर, आकडे लिहायला हरकत नाही. आता दहाच्या आतले असतील, दहा ते एक उलटं मुलाला येतं, आणि या दिवसांत काय लिहायचं हा प्रश्न पडत नाही. आमच्याकडे शेवटचे आठ चौकोन नुसत्या याद्या होत्या, बाबांना काय दाखवायचं, कुठला चौकोन आधी.

तारीख घसरलीच तर होडी मुलाच्याच हाताने हलवायची. तुम्ही रात्री गुपचूप हलवून ठेवू नका, सकाळी त्याला ती दुसरीकडे दिसली तर तक्त्यावरचा विश्वास गेला. खरं कारण सोप्या शब्दात सांगा, "बाबांच्या जागी येणारा माणूस अजून पोचला नाही." सहा वर्षांच्या मुलाला हे व्यवस्थित कळतं, त्याच्या शाळेत पण बदली बाई आल्याशिवाय पहिल्या बाई जात नाहीत. होडी हलवलेल्या दिवशी चौकोनात "होडी हलली" एवढं लिहायचं.

आले की तक्ता लगेच काढू नका. आणि पहिल्याच संध्याकाळी सगळा वाचून दाखवायला पण लावू नका, माणूस दोन रात्री झोपलेला नसतो. रोज जेवणानंतर एक ओळ, वाचणार मुलगा, विचारणार बाबा, म्हणजे अकरा दिवस पुरतो.

आणि हो, कार्डशीट घ्यायला जाल तेव्हा एकाच रंगाची दोन घ्या. अधिक एक महिना धरला तर 25 सप्टेंबरपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे चतुर्थीनंतर अजून अकरा चौकोन, म्हणजे दोन ओळी. त्या आधीच आखून, निळ्या करून, मोठ्या कार्डशीटच्या खाली जोडून गुंडाळ्यातच ठेवा. नाही लागल्या तर मागच्या बाजूला मखराचं डिझाइन काढायला होतं.